कुलूप माझं, पण किल्ली कोणाकडे?

पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा आणि शक्य असेल तर वाचता वाचता फोन हातात ठेवा.

मागच्या आठवड्यात एका ताईंचा फोन आला. त्या कुठल्या खात्यात आहेत, कुठल्या गावच्या आहेत, ते सांगणार नाही. टँकरच्या बिलांचे काही कागद त्यांनी मला मेल केले होते. बातमी अजून व्हायची आहे, कारण दुसऱ्या बाजूचं म्हणणं घेणं बाकी आहे. ताईंनी एवढंच विचारलं, "भाऊ, मी पाठवलेलं तुमच्याकडंच राहील ना? दुसरं कोणी बघणार नाही ना?"

मी म्हणालो, "ताई, निर्धास्त राहा. माझा पासवर्ड माझ्या बायकोलाही माहीत नाही."

फोन ठेवला आणि मनात आलं, आपण हे कशाच्या जोरावर बोललो? पासवर्ड कोणाला माहीत नाही हे खरं. पण खातं उघडायला पासवर्ड हा एकच रस्ता आहे का? वीस वर्षं दुसऱ्याच्या खात्यांचे घोळ छापतोय, स्वतःचं खातं कधी तपासलं नव्हतं.

त्या रात्री जेवण झाल्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. गुगलची 'Security Checkup' नावाची सोय आहे, तिथं गेलो. पत्ता हाताने टाइप करायचा:

```
myaccount.google.com/security-checkup
```

हाताने टाइप करा म्हणतोय त्याला कारण आहे. "तुमचं खातं धोक्यात आहे, इथे क्लिक करून तपासा" असे मेसेज येतात, ते बहुतेक वेळा पासवर्ड चोरण्यासाठीच असतात. तपासणी करायला आपण आपल्या पायाने जायचं, कोणाच्या बोलावण्यावरून नाही.

पान उघडलं तर बहुतेक ठिकाणी हिरवी खूण. डिव्हाइसेस हिरवं, रिकव्हरी हिरवं. फक्त साठवलेल्या पासवर्डपुढे पिवळं होतं. मला बरं वाटलं. लॅपटॉप बंदच करणार होतो. मग सवयीने एकेक ओळ उघडली. ग्रामसभेच्या इतिवृत्तावर सह्या आहेत म्हणून सभा झाली असं आपण मानत नाही ना, तसंच.

पहिली ओळ 'Your devices'. जिथं जिथं आपलं खातं उघडं आहे, ती यंत्रं इथं दिसतात. माझा फोन होता, घरचा लॅपटॉप होता. आणि तिसरी नोंद होती: 'Windows', शेवटचा वापर काल दुपारी.

काल दुपारी मी तहसीलच्या आवारात होतो.

नोंदीवर क्लिक केलं. पहिल्यांदा लॉगिन केल्याची तारीख आली आणि डोक्यात प्रकाश पडला. मी पूर्वी ज्या दैनिकासाठी तालुक्याचं काम बघायचो, त्यांच्या ऑफिसातला तो कॉम्प्युटर. नोकरी सोडून चार वर्षं झाली. निघताना टेबलाचा खण रिकामा केला, डायऱ्या घेतल्या, चार्जर घेतला. क्रोममधून बाहेर पडायचं राहिलं.

इथं दोन गोष्टी समजून घ्या, नाहीतर उगाच घाबराल. एक, तिथं गावाचं नाव दिसतं ते अंदाजाने असतं. इंटरनेट कंपनीचं जाळं जिथून बाहेर पडतं त्यावरून ते ठरतं. तुम्ही परळीत बसलात आणि पुणे किंवा मुंबई दिसलं, तर लगेच चोर आला असं नाही. दुसरं, 'शेवटचा वापर' याचा अर्थ त्या यंत्राचा आणि गुगलचा शेवटचा संपर्क. क्रोम नुसतं उघडलं तरी ती वेळ पुढे सरकते. म्हणजे काल दुपारी कोणी माझा मेल वाचलाच असं त्यावरून म्हणता येत नाही. वाचला नाही असंही म्हणता येत नाही.

म्हणून 'Sign out' दाबण्याआधी मी एक काम केलं. कॉम्प्युटरवर जीमेल उघडलं की पानाच्या अगदी तळाशी उजवीकडे बारीक अक्षरात 'Details' असतं. तिथं मेल शेवटच्या काही वेळा कुठून उघडला गेला त्याची यादी येते, ब्राउझरमधून की मोबाइलवरून तेही दिसतं. त्याचा फोटो काढून ठेवला. माझा फोन आणि घरचा लॅपटॉप सोडून नोंद नव्हती. पण यादी दहाच नोंदींची असते. माझ्यासारखा माणूस दिवसात दहा वेळा मेल बघतो. म्हणजे ही साक्ष एक-दोन दिवसांपुरती. त्याआधीच्या चार वर्षांचं काय, ते ती सांगत नाही.

फोटो काढला, मग त्या नोंदीतून 'Sign out' केलं.

दुसरी ओळ रिकव्हरीची. पासवर्ड विसरला तर गुगलने कोड कुठे पाठवायचा, तो नंबर आणि तो ईमेल. तिथंही हिरवी खूण होती. नंबर वाचला आणि कपाळाला हात लावला.

तो नंबर माझा नव्हता. म्हणजे एकेकाळी होता. दैनिकाने दिलेलं सिम होतं ते. राजीनाम्याबरोबर मी ते परत केलं. आज ते सिम माझ्या जागेवर आलेल्या मुलाच्या खिशात आहे. चांगला पोरगा आहे, मला सर म्हणतो, रस्त्यात भेटला की गाडी थांबवून बोलतो. त्याच्यावर शंका नाही. पण ते सिम त्याचंही नाही, कंपनीचं आहे. उद्या कोणाला देतील ते कंपनी ठरवणार.

आता ही हिरवी खूण कशी आली? सोपं आहे. रिकव्हरीच्या जागी नंबर भरलेला आहे एवढंच गुगलला कळतं. तो आज कोणाच्या हातात आहे हे यंत्राला कसं कळणार? ते फक्त माझं मला माहीत. तपासणीचं पान आपल्यासमोर यादी ठेवतं आणि विचारतं, हे तुमचंच ना? उत्तर आपल्याला द्यायचं असतं. आपण हिरवा रंग बघतो आणि प्रश्न न वाचता पुढे जातो.

आणि आता या दोन ओळी एकत्र ठेवा. मला तिथेच खरा घाम फुटला.

पासवर्ड विसरल्यावर खातं परत मिळवताना गुगल फक्त कोड बघत नाही. नेहमीच्या यंत्रावरून, नेहमीच्या जागेवरून प्रयत्न करा असं गुगलच सांगतं, कारण ओळखीच्या ठिकाणाहून आलेल्या माणसावर ते जास्त विश्वास ठेवतं. माझ्या बाबतीत ओळखीचं यंत्र होतं ऑफिसचा कॉम्प्युटर, ओळखीची जागा होती तेच ऑफिस, आणि कोड जाणार होता त्याच टेबलावरच्या फोनवर. सुटं सुटं बघितलं तर एक जुना कॉम्प्युटर आणि एक जुना नंबर. एकत्र केलं तर माझ्या घराची अख्खी किल्ली. पासवर्ड कोणाला माहीत असायची गरजच नव्हती.

ताईंना मी काय सांगितलं होतं? बायकोलाही माहीत नाही.

आधी पासवर्ड बदलला. मग नंबर बदलून माझा स्वतःचा टाकला. इथं एक बारकावा आहे. रिकव्हरी नंबर बदलला तरी पुढचे सात दिवस गुगल जुन्या नंबरवर कोड पाठवण्याचा पर्याय देऊ शकतं. ही सोय आपल्याच भल्यासाठी आहे. चोराने घुसून नंबर बदलला तर खऱ्या मालकाला आठवडाभर परत यायची संधी राहते. पण माझ्यासारख्याच्या बाबतीत ती उलटी फिरते, कारण इथं जुना नंबरच परका.

म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पोराला फोन केला. सरळ सांगितलं, "बाबा, तुझ्याकडच्या नंबरला माझं जुनं खातं जोडलेलं होतं. आठवडाभरात गुगलचा कोड आला तर मला कळव आणि कोणालाही सांगू नको." तो हसला. म्हणाला, "सर, मागं एक-दोनदा आले होते की. मला वाटलं फालतू मेसेज, डिलीट मारले."

मी विचारलं, कधी? त्याला आठवेना. मीच कधीतरी पासवर्ड विसरून खटपट केली असेन तेव्हाचे असतील. किंवा नसतीलही. याचं उत्तर माझ्याकडे नाही आणि कधी मिळेल असंही वाटत नाही.

ज्यांनी जुनं सिम नुसतं बंद पडू दिलं, त्यांनीही हे वाचा. बंद झालेला नंबर कायमचा मरत नाही. किमान 90 दिवस तो कोणाला देत नाहीत, हे ट्रायने 2023 मध्ये सुप्रीम कोर्टात सांगितलं आहे. त्यानंतर तो कुठल्यातरी अनोळखी माणसाच्या फोनमध्ये वाजू शकतो. तुमच्या खात्याला मात्र अजून तो तुमचाच वाटत असतो.

रिकव्हरी ईमेलही बघा. आणि टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू असेल तर त्यातला नंबर वेगळ्या जागी असतो, तोही बघा. एक बदलला म्हणून दुसरा आपोआप बदलत नाही. तिथेच बॅकअप कोड मिळतात, एका वेळी दहा, प्रत्येक कोड एकदाच चालतो. मी कागदावर लिहून घरच्या दस्तऐवजांच्या फाइलीत ठेवले. सातबाऱ्याशेजारी.

तिसरी ओळ साठवलेल्या पासवर्डची. "पासवर्ड सेव्ह करू का?" असं क्रोम विचारतं आणि आपण हो म्हणत जातो, ते सगळे इथं जमतात. पिवळी खूण इथंच होती. कुठल्यातरी वेबसाइटच्या चोरीत बाहेर आलेले, एकापेक्षा जास्त ठिकाणी वापरलेले आणि अगदी सोपे, असे तीन ढीग गुगल करून देतं. माझा दुसरा ढीग मोठा होता. एकच पासवर्ड, शेवटचा आकडा बदलून, अकरा ठिकाणी.

पण मला पिवळ्या खुणेपेक्षा दुसरीच गोष्ट खटकली. त्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर माझं क्रोम सिंक चालू होतं. म्हणजे चार वर्षांत मी घरी बसून जे जे पासवर्ड सेव्ह केले, वीजबिल, पोरीच्या कॉलेजचं पोर्टल, बँकेचं लॉगिन, ते तिथेही पोचत होते. आणि लांबून 'Sign out' केलं की नवीन पासवर्ड जाणं थांबतं, पण आधी पोचलेले त्या कॉम्प्युटरवर राहू शकतात. घराचं कुलूप बदललं तरी आत येऊन गेलेल्याने पाहिलेलं काही पुसलं जात नाही. म्हणून तिथं इलाज एकच, एकेक पासवर्ड बदलणं. बँक पहिली, मग बाकीचे. दोन रात्री गेल्या.

चौथी ओळ जोडलेल्या ॲप्सची. माझ्याकडे तेवीस नोंदी निघाल्या. यात दोन जाती असतात. बहुतेक ठिकाणी आपण फक्त 'गुगलने लॉगिन करा' दाबलेलं असतं, तिथं नाव, ईमेल आणि फोटो एवढंच जातं. दुसऱ्या जातीला मात्र आपण घरात यायची परवानगी दिलेली असते. नोंद उघडली की ती परवानगी शब्दांत लिहिलेली दिसते. माझ्याकडे एका पीडीएफ जोडणाऱ्या साइटपुढे हे होतं:

```
See, edit, create, and delete all of your Google Drive files
```

म्हणजे ड्राइव्हमधली सगळी कागदपत्रं बघा, बदला, नवीन करा, पुसा. आठवलं. एका निवडणुकीच्या निकालाच्या रात्री बूथवार आकड्यांच्या फाइली जोडायच्या होत्या, डेडलाइन डोक्यावर होती, समोर 'Allow' आलं, दाबलं. काम पाच मिनिटांचं. परवानगी तेव्हापासून चालूच.

आणि ताईंचे कागद मी मेलमधून उचलून कुठे ठेवले होते? ड्राइव्हमध्ये.

इथेही एक गैरसमज काढून टाका. पासवर्ड बदलला की सगळी ॲप्स बाहेर पडतात, असं मलाही वाटायचं. मेल वाचायची परवानगी असलेल्या ॲप्सचं तसं होतं, पण ड्राइव्हसारख्या परवानग्या पासवर्ड बदलूनही चालू राहतात. त्या इथं येऊन, नोंद उघडून, हाताने काढाव्या लागतात. काढल्यावर पुढचं थांबतं. आधी त्यांनी काही कॉपी करून घेतलं असेल तर ते परत येत नाही, त्यासाठी त्या कंपनीला वेगळं लिहावं लागतं. मी लिहिलं. उत्तर अजून नाही.

शेवटी जीमेलची सेटिंग्ज कॉम्प्युटरवर उघडून दोन ठिकाणं पाहिली, फॉरवर्डिंग आणि फिल्टर. कोणी एकदा आत येऊन इथं स्वतःचा पत्ता टाकून गेलं असेल, तर पासवर्ड बदलला तरी प्रत्येक मेलची प्रत त्याच्याकडे जात राहते, आणि आपल्याला इनबॉक्समध्ये काहीच वेगळं दिसत नाही. माझ्याकडे दोन्ही ठिकाणं रिकामी होती. त्या रात्रीची तेवढी एकच चांगली बातमी.

मग ताईंना फोन केला. हे सगळ्यात अवघड होतं. बातमीदार म्हणून आपली पत काय असते? लोक कागद देतात कारण माणूस भरवशाचा वाटतो. मी सांगितलं, "ताई, परवा मी तुम्हाला निर्धास्त राहा म्हणालो. तेव्हा ते खरं नव्हतं. मला माहीत नव्हतं." काय काय निघालं ते सगळं सांगितलं. कोणी पाहिल्याचा पुरावा नाही, पण पाहिलं नाही याचाही नाही, हेही सांगितलं.

त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "सांगितलंत ते बरं केलं भाऊ. आता पुढचे कागद मेलवर नाही पाठवत. तुम्हीच या घेऊन जायला."

बरोबर आहे त्यांचं. जाणार आहे.

आता हे सगळं जाहीर का सांगतोय? कारण माझं खातं एका माणसाचं आहे. आपल्या तालुक्यात ग्रामपंचायती, शाळा, पतसंस्था, पाणीपुरवठा समित्या किती तरी ठिकाणी साध्या जीमेलवर चालतात. ते खातं कोणी उघडलं? त्या वेळच्या ऑपरेटरने, किंवा बसस्टँडसमोरच्या सेंटरवाल्याने. रिकव्हरीला नंबर कोणाचा? त्याचाच, कारण तेव्हा खिशात तोच फोन होता. तो बदलून गेला, सरपंच बदलले, मुख्याध्यापक बदलले. कपाटाच्या किल्ल्या, शिक्का, दप्तर, सगळ्याचा चार्ज यादी करून देतात-घेतात. ईमेलचा चार्ज म्हणजे कागदाच्या चिटोऱ्यावर पासवर्ड. नवा माणूस पासवर्ड बदलतो आणि समजतो, झालं. रिकव्हरी नंबर जुन्याच माणसाच्या खिशात. त्याला परत यायचं असेल तर 'पासवर्ड विसरलो' एवढंच दाबायचं आहे. आणि त्याच्या मनात काही नसेल तरी, नव्या माणसाला एखाद दिवशी कोड लागेल तेव्हा तो मिळणार नाही आणि अनुदानाचा मेल आत अडकून पडेल.

माझं म्हणणं एवढंच. जिथं जिथं चार्ज देण्या-घेण्याची यादी होते, तिथं एक ओळ वाढवा: ईमेल खातं, त्याचा रिकव्हरी नंबर कोणाचा, रिकव्हरी ईमेल कोणाचा, कुठल्या कॉम्प्युटरवर उघडं आहे. दोघांनी समोरासमोर बसून ते पान उघडायचं, बदलायचं आणि मग सही करायची. ग्रामसभेत विचारा. शाळेच्या व्यवस्थापन समितीत विचारा. विचारायला पैसे पडत नाहीत.

एक विनंती. कॉमेंटमध्ये स्वतःचे नंबर, ईमेल किंवा तुमच्या खात्यात काय निघालं ते लिहू नका. "मी मदत करतो, इनबॉक्स करा" म्हणणारे लगेच येतात, त्यांच्या नादी लागू नका. ज्याला अडचण आहे त्याने शनिवारी बाजाराच्या दिवशी माझ्या ऑफिसात या. फोन तुमच्याच हातात ठेवू, बटणं तुम्हीच दाबा. मी फक्त शेजारी बसतो.